सव्वा लाखाचा अंदाज, दीड लाखाचे बिल : बिलिंग काउंटरवर नेमके काय विचारावे?

सकाळच्या फेरीत डॉक्टर 'आज घरी जायला हरकत नाही' असे सांगतात आणि रुग्णाच्या नातेवाईकांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू उमटते. ते दुपारपर्यंत टिकतेच असे नाही. तीनच्या सुमारास बिलिंग काउंटरवरून नाव पुकारले जाते, हातात दोन पानी बिल पडते आणि दाखल करताना सांगितलेल्या अंदाजापेक्षा शेवटचा आकडा वीस-पंचवीस हजारांनी पुढे गेलेला असतो. मग काउंटरवर ठरलेला संवाद घडतो. 'एवढं बिल कसं काय झालं?' 'मॅडम, सिस्टिमला जे आहे तेच आलंय.' आवाज चढतात, मागची रांग कुरबुरते, गाडी बाहेर थांबलेली असते आणि अखेर कार्ड पुढे केले जाते.

या संवादात काउंटरवरचा कर्मचारी खोटे बोलत नसतो. 'एवढे कसे' या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसतेच, कारण हा प्रश्न बेरजेला उद्देशून विचारलेला असतो आणि बेरीज संगणकाने बरोबर केलेली असते. चूक असलीच तर ती बेरजेच्या वर, एखाद्या ओळीत असते. त्या ओळीबद्दल तारीख, नग, दर आणि मूळ नोंद असे सुटे प्रश्न विचारले, तर त्याच कर्मचाऱ्याला वॉर्डात फोन करून उत्तर मिळवता येते. चुकलेली रक्कम कमी होते ती बहुधा याच मार्गाने. कारण समजण्यासाठी बिल कसे तयार होते ते आधी पाहिले पाहिजे.

बिल काउंटरवर तयार होत नाही

मध्यम किंवा मोठ्या खासगी रुग्णालयात बिलाच्या ओळी साधारणपणे तीन वाटांनी येतात. पहिली वाट आपोआप चालणाऱ्या आकारांची. खाटेचे भाडे, शुश्रूषा आकार, व्हेंटिलेटर किंवा बायपॅपसारखे यंत्र यांची नोंद वॉर्डातील संगणकावर 'सुरू' अशी होते आणि 'बंद' अशी नोंद होईपर्यंत दर दिवशी एक आकार बिलात पडत राहतो. यंत्र रुग्णापासून काढून खोलीच्या कोपऱ्यात ठेवले, तरी संगणकाला ते कळत नाही. दुसरी वाट हाताने केलेल्या नोंदींची. तज्ज्ञ डॉक्टरांच्या भेटी, ड्रेसिंग, कॅथेटर घालणे यांची नोंद सिस्टर किंवा वॉर्डातील कारकून करतो. येथे एकच नोंद रात्रपाळीत आणि दिवसपाळीत अशी दोनदा होण्याचा संभव असतो. तिसरी वाट औषधांची. वॉर्डातून मागणीची चिठ्ठी औषध विभागात जाते आणि औषध वॉर्डाकडे पाठवले की त्याच क्षणी ते रुग्णाच्या खात्यावर चढते. ते रुग्णाला टोचले गेले की नाही, याच्याशी बिलाचा संबंध नसतो. न वापरलेले औषध परत गेल्यानंतर वजावट पडायची असते, आणि ती राहून जाऊ शकते.

म्हणजे प्रत्येक वाटेची चूक वेगळी आणि तिला उघडे पाडणारा प्रश्नही वेगळा. बिलिंग विभागाचे काम या तीन वाटांनी आलेले आकडे एकत्र करून छापण्याचे आहे. रुग्णाच्या खाटेजवळ काय घडले, हे तेथे कोणालाच ठाऊक नसते.

एक नमुना बिल

नमुन्यादाखल एक बिल घेता येईल. यातील रुग्ण व आकडे केवळ समजण्यापुरते असले, तरी घोळ नेहमीचेच आहेत. पुण्यातील एका मध्यम रुग्णालयात अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना न्यूमोनियामुळे सोमवारी रात्री साडेदहा वाजता अतिदक्षता विभागात दाखल करण्यात आले. श्वास घेण्यास मदत म्हणून तोंडावर मास्क लावून बायपॅप यंत्र सुरू केले. बुधवारी सकाळी दहा वाजता ते काढले, त्याच दिवशी दुपारी चारला त्यांना दोन खाटांच्या खोलीत हलवले आणि शनिवारी घरी सोडले. दाखल करताना सांगितलेला अंदाज सव्वा लाखाचा होता. अंतिम बिल आले १ लाख ५२ हजार ३०० रुपयांचे.

काउंटरवर सून उभी आहे. दोन पानी बिलावर केवळ शीर्षके आहेत : खाट आकार, डॉक्टर भेटी, औषधे, तपासण्या आणि 'इक्विपमेंट चार्जेस २०,४००'. शेवटची ओळ तिला खटकते, कारण यंत्रांचे एवढे पैसे होतील असे कोणीच बोलले नव्हते. या टप्प्यावर वाद घालून उपयोग नाही, कारण शीर्षकाखाली काय दडले आहे हे अजून दिसलेलेच नाही. तिची पहिली मागणी तपशीलवार बिलाची असायला हवी. काउंटरवरच्या भाषेत त्याला 'ब्रेकअप' किंवा 'डिटेल बिल' म्हणतात. दोन पानांच्या जागी दहा-बारा पाने छापली जातात आणि प्रत्येक ओळीत तारीख, नग, दर व रक्कम असे चार रकाने असतात.

'ब्रेकअप फक्त इन्शुरन्सवाल्यांना देतो' असे उत्तर मिळाले, तर ते मान्य करण्याचे कारण नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना अंमलबजावणीसाठी कळवलेल्या रुग्णहक्क सनदेत तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क नमूद आहे. बिलाचा खुलासा मागण्याचा हक्कही त्यात आहे, मग पैसे रुग्ण भरो वा विमा कंपनी.

तपशीलवार बिल आल्यावर २०,४०० रुपयांची फोड दिसते. 'बायपॅप, नग ६, दर ३,०००, रक्कम १८,०००' आणि 'मॉनिटर, नग ३, दर ८००, रक्कम २,४००'.

तारीख, नग आणि नोंद

आता प्रश्न विचारण्याजोगा झाला. 'बायपॅपचे पैसे एवढे कसे?' असे न विचारता सुनेने विचारायचे ते असे : 'हे सहा नग कोणकोणत्या तारखांचे आहेत?' तारखा पडद्यावर असतातच. कर्मचारी वाचून दाखवतो : सोमवार ते शनिवार, रोज एक. इथेच गाठ सापडते. बुधवारी दुपारनंतर रुग्ण ज्या खोलीत होता, तेथे बायपॅप यंत्र नव्हतेच. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारचे आकार कशाचे, या प्रश्नाला काउंटरवर उत्तर नाही. पण त्यासाठी कोणाला फोन करायचा, हे मात्र आता कर्मचाऱ्यालाही कळते.

दुसरा प्रश्न : 'यंत्र सुरू केल्याची आणि बंद केल्याची नोंद कोणत्या कागदावर आहे?' अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णाचा एक मोठा तक्ता असतो. त्यावर दर तासाला नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण आणि श्वसनयंत्राची स्थिती सिस्टर लिहीत असतात. शिवाय डॉक्टरांच्या दैनंदिन टिपणात 'बायपॅप काढले, साध्या ऑक्सिजनवर ठेवले' असे वाक्य असतेच, कारण तो उपचारातला महत्त्वाचा टप्पा असतो. संगणकात 'बंद' दाबायचे राहून गेले, तरी कागदावर ते लिहिलेले असते. बिलाचा वाद नातेवाईकाची आठवण विरुद्ध रुग्णालयाचा संगणक असा राहिला, तर संगणक जिंकतो. तो रुग्णालयाचा संगणक विरुद्ध रुग्णालयाचाच तक्ता असा झाला, तर निर्णय लवकर होतो. म्हणून 'आम्ही तिथेच होतो, आम्हाला माहीत आहे' याऐवजी 'बुधवारचा आयसीयू चार्ट पाहून सांगावे' ही विनंती अधिक परिणामकारक ठरते.

तिसरा प्रश्न दिवसाच्या मोजणीचा. यंत्र प्रत्यक्षात सोमवारी रात्री साडेदहा ते बुधवारी सकाळी दहा, म्हणजे साडेपस्तीस तास चालले. चोवीस तासांचा एक दिवस धरला तर दोन नग होतात. तारखेनुसार धरले तर सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन. नातेवाईकांना दोनच नग न्याय्य वाटणार, हे उघड आहे. मात्र येथे निकाल रुग्णालयाच्या दरपत्रकावर अवलंबून असतो. त्यात 'प्रतिदिन किंवा दिवसाचा काही भाग' असे लिहिले असेल, तर तीन नग बरोबर आहेत आणि त्यावर हटून बसण्यात अर्थ नाही. नमुन्यातील बिलात तसेच आहे, असे धरले तर सहाचे तीन नग होतात आणि ९ हजार रुपये कमी होतात. सुनेने मनात धरलेले १२ हजार नव्हेत.

खाटेच्या आकारालाही हीच मोजणी लागू पडते. रुग्णाला ज्या दिवशी आयसीयूतून खोलीत हलवले, त्या तारखेला दोन खाटांचे पूर्ण भाडे लागले आहे का, हे तपशीलवार बिलात एका नजरेत दिसते. त्या दिवशी कोणता दर लावायचा याचा प्रत्येक रुग्णालयाचा नियम वेगळा असतो, पण एकाच तारखेला दोन्ही पूर्ण दर दिसले तर खुलासा मागणे योग्य ठरते.

'हे कशात धरलेले आहे?'

मॉनिटरच्या २,४०० रुपयांबाबत तारखांचा प्रश्न उपयोगी नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार या तिन्ही दिवशी मॉनिटर खरोखरच लावलेला होता. येथे विचारायचे ते वेगळे : 'आयसीयूच्या रोजच्या दरात काय काय धरलेले आहे?' काही रुग्णालये आयसीयूचा दर खाट, शुश्रूषा व मॉनिटर मिळून एकत्रित लावतात, काही तिन्ही वेगळे लावतात. दोन्ही पद्धती चालतात. एकत्रित दर लावून वर पुन्हा मॉनिटरचा वेगळा आकार मात्र चालत नाही.

याचे उत्तर भिंतीवर सापडू शकते. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांमध्ये जानेवारी २०२१ मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून नोंदणीकृत खासगी रुग्णालयांनी प्रमुख सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. हा फलक बहुतेकांना दाखल होताना दिसत नाही, कारण तेव्हा लक्ष स्ट्रेचरकडे असते. डिस्चार्जच्या दिवशी वाट पाहण्यात दोन-तीन तास जातातच. त्या वेळात फलकाचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले, तर काउंटरवरचे संभाषण बरेच सोपे होते. नमुन्यातील रुग्णालयाच्या फलकावर 'आयसीयू, मॉनिटर व शुश्रूषेसह' असे शब्द असतील, तर २,४०० रुपयांची ओळ काढावी लागते.

'किट' आणि 'इतर' या शब्दांनाही हाच प्रश्न लावता येतो. 'प्रोसिजर किट १,८५०' अशी ओळ दिसली, तर किटमध्ये कोणत्या वस्तू होत्या आणि त्याच वस्तू औषधांच्या बिलात पुन्हा आल्या आहेत का, हे विचारावे. विमाधारकांसाठी हा प्रश्न दुपटीने महत्त्वाचा आहे. विमा नियामकांच्या यादीप्रमाणे तपशील न दिलेल्या कोणत्याही किटचे पैसे साधारणपणे विम्यातून मिळत नाहीत. पल्स ऑक्सिमीटर, नावाची मनगटपट्टी, फाइल उघडण्याचा खर्च, खुलासा नसलेले 'इतर खर्च' या बाबी खोलीच्या भाड्यातच धरलेल्या मानल्या जातात. त्या वेगळ्या दाखवल्या, की विमा कंपनी त्यांना कात्री लावते आणि कापलेली रक्कम रुग्णाकडून मागितली जाते. अशा वेळी कंपनीशी भांडण्यापूर्वी, ही बाब खोलीच्या दरात धरलेली असताना वेगळी का लावली, हे रुग्णालयालाच विचारायला हवे.

अठरा कुप्या, अकरा मात्रा

औषधांचे बिल सर्वांत लांबलचक असते आणि त्यातील प्रत्येक ओळ तपासायला कोणालाच वेळ नसतो. त्याची गरजही नसते. महागड्या दोन-तीन इंजेक्शनांपुरते पाहिले, तरी पुरते. नमुन्यातील रुग्णाला दिवसातून तीनदा एक प्रतिजैविक दिले जात होते. एका कुपीची छापील किंमत ४२० रुपये. बिलात १८ कुप्या लागल्या आहेत, म्हणजे ७,५६० रुपये. पहिली मात्रा सोमवारी रात्री दिली. मंगळवार, बुधवार, गुरुवार रोज तीन. शुक्रवारी सकाळची एक देऊन डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवून गोळ्या सुरू केल्या. एकूण मात्रा ११ होतात.

येथे विचारायचे ते : 'ट्रीटमेंट शीटवर किती मात्रा दिल्याची नोंद आहे आणि परत गेलेल्या कुप्यांची वजावट बिलात कोठे आहे?' ट्रीटमेंट शीट म्हणजे प्रत्येक औषध किती वाजता दिले त्याची वेळ आणि सिस्टरची सही असलेला कागद. तो वॉर्डातच असतो. वजावट औषध बिलाच्या शेवटी 'रिटर्न' या शीर्षकाखाली उणे चिन्हासह दिसते. ती नसेल, तर उरलेल्या सात कुप्या एकतर वॉर्डाच्या कपाटात आहेत किंवा औषध विभागाच्या टेबलावर नोंदीची वाट पाहत आहेत.

सातही कुप्यांचे पैसे परत मिळतील असे नाही. एक कुपी द्रावण करून ठेवल्यावर डॉक्टरांनी औषध थांबवले असेल, तर ती टाकून द्यावी लागते आणि तिचा खर्च रुग्णाकडे राहतो. त्याचप्रमाणे फोडलेली पाकिटे आणि वॉर्डात फ्रिजबाहेर राहिलेली थंड साखळीतील औषधे परत घेतली जात नाहीत. नमुन्यात सहा कुप्यांची वजावट मिळाली असे धरले, तर २,५२० रुपये कमी होतात. बायपॅपच्या मास्कची गोष्ट याच्या उलट. तो एकाच रुग्णासाठी असतो, एकदा वापरला की परत जात नाही आणि त्याचे पैसे योग्यच असतात. मात्र पैसे दिलेला मास्क रुग्णाचा असतो आणि तो मागून घरी नेता येतो.

काउंटरला न विचारायचे प्रश्न

काही प्रश्न योग्य असूनही चुकीच्या खिडकीवर विचारले जातात. 'दुसऱ्यांदा सीटी स्कॅन काढायची गरज होती का?' हा त्यातला नेहमीचा. बिलिंगमधील कर्मचारी त्यावर काही बोलू शकत नाही आणि त्याने बोलूही नये. तो प्रश्न उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आहे. वैद्यकीय गरजेचा प्रश्न आणि नोंदीचा प्रश्न एकत्र मांडले, की सगळीच चर्चा 'डॉक्टरांशी बोला' या उत्तरावर थांबते आणि सहज सुटणारा तीन नगांचा घोळही तसाच राहतो. डॉक्टरांच्या भेटींचे मात्र दोन भाग करता येतात. भेट आवश्यक होती का, हे डॉक्टरांना विचारायचे. गुरुवारी तीन भेटी लागल्या आहेत, तर त्या दिवशी टिपणे किती आहेत, हे काउंटरला विचारायचे.

जीएसटीबाबतही काउंटरचा इलाज नसतो. आयसीयू वगळता ज्या खोलीचे भाडे दिवसाला ५ हजार रुपयांहून अधिक आहे, तिच्या भाड्यावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागतो आणि तो पाच हजारांवरील रकमेवर नव्हे, तर पूर्ण भाड्यावर असतो.

लेखी चिठ्ठी आणि वेळ

तोंडी प्रश्नांपेक्षा अर्ध्या पानाची चिठ्ठी अधिक काम करते, कारण काउंटरवरचा कर्मचारी तीच चिठ्ठी वॉर्ड, औषध विभाग आणि हिशेब विभागाकडे पाठवू शकतो. नमुन्यातील सुनेची चिठ्ठी अशी असू शकते :

'प्रति, बिलिंग विभाग. रुग्णाचे नाव व नोंदणी क्रमांक अमुक. अंतिम बिलातील पुढील तीन नोंदींचा खुलासा मिळावा. (१) बायपॅप, नग ६, रु. १८,००० : आकार कोणत्या तारखांचे आहेत, दिवस कसा मोजला आणि यंत्र बंद केल्याची नोंद आयसीयू चार्टवर केव्हाची आहे? (२) मॉनिटर, नग ३, रु. २,४०० : आयसीयूच्या दैनिक दरात मॉनिटर समाविष्ट आहे काय? (३) प्रतिजैविक इंजेक्शन, कुप्या १८, रु. ७,५६० : ट्रीटमेंट शीटनुसार दिलेल्या मात्रा किती, परत गेलेल्या कुप्या किती आणि त्यांची वजावट कोठे आहे? बिलातील इतर नोंदींबाबत हरकत नाही.'

शेवटचे वाक्य सहज लिहिलेले नाही. संपूर्ण बिलावर आक्षेप घेणारा नातेवाईक आणि तीनच ओळींचा खुलासा मागणारा नातेवाईक यांच्याकडे पाहण्याची दृष्टी वेगळी असते; दुसऱ्याचे काम तासाभरात होण्यासारखे आहे, हे समोरच्यालाही दिसते. चिठ्ठीच्या प्रतीवर शिक्का व वेळ घ्यावी.

वेळेचे गणितही महत्त्वाचे आहे. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्ड आधी फाइल बंद करतो, औषध व तपासणी विभाग आपापली खाती मिटवतात आणि मगच बिल 'अंतिम' होते. त्याआधी एखादी नोंद दुरुस्त करणे वॉर्डाच्या हातात असते. अंतिम झाल्यावर हिशेब विभागाच्या किंवा व्यवस्थापकाच्या मंजुरीशिवाय ती बदलता येत नाही, आणि शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी ती माणसे जागेवर असतीलच असे नाही. म्हणून डिस्चार्जची कुणकुण लागताच आदल्या संध्याकाळी आतापर्यंतचे तपशीलवार बिल मागून घ्यावे. नमुन्यातील बिलात शुक्रवारी संध्याकाळीच बायपॅपचे पाच नग दिसले असते.

कॅशलेस विमा असेल तर ही घाई अधिकच. एकदा अंतिम बिल विमा कंपनीकडे गेले आणि मंजुरी आली, की दुरुस्त बिल पुन्हा पाठवावे लागते. नियामकांच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने डिस्चार्जची मंजुरी द्यायची असते. पण हे घड्याळ विनंती गेल्यावर सुरू होते, बिलाच्या घोळात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. 'पैसे तर कंपनी भरणार' म्हणून नोंदी न पाहणेही महागात पडते. जादा लागलेले १४ हजार रुपये वर्षाच्या विमा रकमेतूनच वजा होतात आणि त्याच वर्षी पुन्हा दाखल व्हावे लागले, तर ते कमी पडतात.

खुलासा मिळाला नाही तर

काउंटरवर उत्तर मिळाले नाही, तर बिलिंग व्यवस्थापक आणि त्यानंतर रुग्णालयाचा तक्रार निवारण कक्ष असा क्रम असतो. तरीही उत्तर मिळाले नाही आणि रुग्णाला घरी न्यायचे आहे, असा पेच अनेकदा पडतो. बिलाच्या वादावरून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, असे सनदेत स्पष्ट आहे. प्रत्यक्षात, आजारी माणसाला खुर्चीवर ताटकळत ठेवून हा मुद्दा लढवण्याची तयारी फार थोड्यांची असते. अशा वेळी रक्कम भरावी. पण बिलाच्या रुग्णालयाकडील प्रतीवर 'तीन नोंदींबाबत हरकत राखून रक्कम भरली' असे लिहून सही करावी आणि त्याचे छायाचित्र काढावे. शिक्का घेतलेली चिठ्ठी सोबत जोडावी.

त्यानंतर केस पेपरच्या प्रतींची मागणी करता येते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. आयसीयू चार्ट आणि ट्रीटमेंट शीट यांचा मागणीत नावाने उल्लेख करावा, अन्यथा केवळ डिस्चार्ज कार्डाची प्रत हातात पडते. महापालिका हद्दीत रुग्णालयाची नोंदणी पालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते आणि दरफलक किंवा तपशीलवार बिल नाकारल्याची तक्रार तेथे करता येते. रकमेचा परतावा हवा असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. रुग्णालयाला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो : रुग्णालयाकडे खुलासा लेखी मागितला होता का?

नमुन्यातील सुनेला तेथवर जावे लागले नाही, असे धरू. वॉर्डातून चार्ट आला, बायपॅपचे ९ हजार, मॉनिटरचे २,४०० आणि सहा कुप्यांचे २,५२० रुपये, एकूण १३ हजार ९२० रुपये कमी होऊन बिल १ लाख ३८ हजार ३८० रुपयांवर आले. तरीही ते सव्वा लाखाच्या अंदाजापेक्षा तेरा हजारांहून अधिक आहेच. तो फरक खोलीतील एका वाढीव दिवसाचा आणि दुसऱ्या सीटी स्कॅनचा आहे; त्या दोन्ही ओळींना तारीख आहे, नोंद आहे आणि अहवाल फाइलमध्ये लावलेला आहे.